वर्षाच्या मध्यावर शाळा सोडताना: नोटीस, उरलेला अभ्यासक्रम आणि मुलांच्या नोंदी

प्रश्न: मी एका खाजगी, स्वयंअर्थसहाय्यित मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. सात वर्षे झाली, कायम आहे, शिवाय नववी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे. पतीची बंगळुरूला बदली झाल्यामुळे मला 31 जानेवारीपर्यंत शाळा सोडावी लागणार आहे. आज 24 नोव्हेंबर. दहावीची सांख्यिकी, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन ही प्रकरणे उरली आहेत. नववीची भाग 1 मधील शेवटची तीन आणि भाग 2 मधील शेवटची चार उरली आहेत. राजीनामा कसा द्यावा, आणि अभ्यासक्रम व मुलांच्या नोंदी कशा सोपवाव्यात, म्हणजे मागे गोंधळ राहणार नाही?

उत्तर:

मी माध्यमिक शाळेत आधी गणित शिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक म्हणून काम केले आहे. राजीनामा घेण्याच्या बाजूला मी बराच काळ बसलो असल्यामुळे पुढील उत्तर त्या खुर्चीवरून दिसलेल्या अडचणींवर बेतलेले आहे.

प्रथम नोटिशीविषयी. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 हा कायदा आणि त्याखालील 1981 ची नियमावली अनुदानित शाळांप्रमाणेच तुमच्यासारख्या मान्यताप्राप्त विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांनाही लागू होते. "आमच्याकडे तो कायदा चालत नाही, आमचे नेमणूकपत्र पाहा" असे सांगणारे संस्थाचालक भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता नियमाप्रमाणेच पत्र द्यावे. नियम 40 नुसार कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका कॅलेंडर महिन्याची नोटीस द्यावयाची असते. याच नियमात एक अट आहे, जी शिक्षक सहसा वाचत नाहीत: सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याने सुट्टीच्या काळात नोटीस देऊ नये, नोटिशीच्या मुदतीत सुट्टीचा कोणताही भाग येऊ नये, आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आतही नोटीस देऊ नये. जूनच्या मध्यावर शाळा उघडते असे धरले तर पहिल्या सत्रात जुलैच्या मध्यानंतरच नोटीस देता येते, आणि तीन महिने ऑक्टोबरच्या मध्यावर संपतात. दिवाळी लवकर आली तर तेवढीही जागा उरत नाही. दुसऱ्या सत्रात मे महिन्याची सुट्टी टाळायची असेल, तर कायम शिक्षकाने जानेवारी संपण्यापूर्वी नोटीस दिलेली बरी. तुमची तारीख या दृष्टीने सोयीची आहे. आज नोटीस पोहोचली तर ती 24 फेब्रुवारीला पूर्ण होते आणि मध्ये कोणतीही दीर्घ सुट्टी येत नाही.

मात्र तुम्हाला 31 जानेवारी हवी आहे, म्हणजे सुमारे 24 दिवस कमी पडतात. नियमानुसार नोटिशीऐवजी भत्ते वगळून वेतन भरून घेऊन व्यवस्थापन कर्मचाऱ्याला लवकर मोकळे करू शकते. सव्वादोन महिने काम केलेल्या शिक्षकाकडून कमी पडलेल्या दिवसांपुरतेच वेतन घेण्यास बहुतेक संस्था तयार होतात, पण तो व्यवस्थापनाच्या संमतीचा भाग आहे आणि ती संमती लेखी हवी. मूळ वेतन 30,000 रुपये धरले तर 24 दिवसांचे सुमारे 24,000 रुपये होतात. हा आकडा पत्रात स्वतःहून लिहू नका, "कमी पडणाऱ्या कालावधीबाबत नियमानुसार जी पूर्तता ठरेल ती मान्य आहे" एवढे लिहा. अनुदानित शाळेत नोटीस किंवा तिच्या बदल्यातील वेतन न घेता शिक्षकाला सोडले, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, म्हणून तेथील संस्था या बाबतीत कडक असतात. तुमच्या शाळेला ती भीती नाही, त्यामुळे बोलणीला वाव आहे.

बोलणी करताना पतीची बदली हे कारण सांगाच, पण शाळेच्या वेळापत्रकाचा मुद्दाही पुढे ठेवा. दहावीची लेखी परीक्षा आता फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. 2025 मध्ये ती 21 फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे 24 फेब्रुवारीपर्यंत थांबून तुम्ही दहावीला फारसे काही देऊ शकणार नाही, कारण पूर्वपरीक्षेनंतर मुले घरी अभ्यास करत असतात. उलट 31 जानेवारीला तुमच्या जागी आलेल्या शिक्षकाला नववीसाठी फेब्रुवारी आणि मार्च असे दोन सलग महिने मिळतात. मुख्याध्यापकांना हा हिशेब पटतो, आणि ते संस्थेकडे तुमची बाजू मांडू शकतात.

पत्राची रीत अधिनियमाच्या कलम 7 मध्ये दिलेली आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याची एक वाईट प्रथा होती, तिला आळा घालण्यासाठी ही पद्धत आहे. म्हणून "तारीख राहू द्या, आम्ही घालतो" असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टला नोंदणी आणि पोच या जोड सेवा मागून घ्या व पावती जपून ठेवा. पत्र संस्थेच्या सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या नावे, मुख्याध्यापकांमार्फत असे लिहा, आणि टपालाने पाठवण्यापूर्वी मुख्याध्यापकांना समक्ष भेटून सांगा. टपालवाल्याच्या हातून राजीनामा कळणे कोणत्याही मुख्याध्यापकाला आवडत नाही.

पत्र तीन-चार वाक्यांचे पुरते, आणि तक्रारी त्यात येऊ देऊ नयेत:

"मी आपल्या शाळेत सहशिक्षिका (गणित) या पदावर कार्यरत आहे. कौटुंबिक कारणास्तव मी या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत असून हे पत्र नियम 40 प्रमाणे नोटीस समजावे. नोटिशीचा कालावधी 24 फेब्रुवारी रोजी पूर्ण होत असला तरी मला 31 जानेवारी रोजी शाळा सुटल्यानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती. कमी पडणाऱ्या कालावधीबाबत नियमानुसार जी पूर्तता ठरेल ती मला मान्य आहे. अभ्यासक्रम व विद्यार्थी नोंदी सोपवण्याचे नियोजन सोबत जोडले आहे."

शेवटचे वाक्य माझ्या आग्रहाचे आहे. नियोजन जोडलेले असले की चर्चा "का जाता" यावरून "कसे जाता" यावर येते.

तुम्ही पुढे अनुदानित शाळेत जाण्याचा विचार करत असाल, किंवा हे वाचणारे कोणी आज अनुदानित सेवेत असेल, तर एक सूचना महत्त्वाची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 जेथे लागू आहेत तेथे साध्या राजीनाम्याने मागील सेवा गमावली जाते. दुसऱ्या पात्र पदावर जाण्यासाठी रीतसर परवानगीने दिलेला राजीनामा मात्र वेगळा समजला जातो. अशा व्यक्तीने "कौटुंबिक कारणास्तव" असे लिहिण्याची घाई करू नये, आधी अर्ज योग्य मार्गाने पाठवून परवानगी घ्यावी, आणि राजीनाम्यात त्या परवानगीचा उल्लेख करावा.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. येथे पहिली पायरी नियोजनाची नसून मोजणीची आहे, आणि ती टाचण वहीवरून करू नये. टाचण वहीत वार्षिक नियोजनाप्रमाणे प्रकरणे पुढे सरकत असतात, वर्ग मात्र एखाद्या सरावसंचावर अडकलेला असतो. हे सगळ्यांनाच ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. मी मुख्याध्यापक असताना विज्ञानाचे एक शिक्षक डिसेंबरमध्ये सोडून गेले. त्यांचे टाचण अगदी अद्ययावत होते, मी त्यावर दर आठवड्याला सही करत होतो. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी वहीत जेथे खूण होती तेथून पुढे शिकवायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांनी एका मुलीने त्यांना सांगितले की मधली दोन प्रकरणे वर्गात झालेलीच नाहीत. दोष जाणाऱ्या शिक्षकांचा होता तितकाच माझाही होता, कारण मी सही वहीवर केली होती, वर्गात जाऊन पाहिले नव्हते. त्यानंतर मी नियम केला: प्रत्येक तुकडीतील नियमित उपस्थित राहणाऱ्या तीन मुलांच्या वह्या मागवायच्या आणि प्रत्येक प्रकरणातील शेवटचा सोडवलेला सरावसंच व त्याची तारीख टिपायची. तिन्ही वह्यांत जे आहे तेच "झाले" समजायचे. तुम्हीही या आठवड्यात हे करा. एखाद्या प्रकरणाचा शेवटचा संकीर्ण प्रश्नसंच राहून गेला असेल तर तो नेमका येथेच सापडतो.

तुमचा दहावीचा हिशेब तुलनेने सोपा आहे. आठवड्याला 7 तासिका धरल्या तर आजपासून डिसेंबरअखेरपर्यंत सुमारे 38 तासिका हातात येतात. त्यांतून स्नेहसंमेलन व त्याचा सराव, क्रीडास्पर्धा, सहल, नाताळची सुट्टी यांच्या 9 तासिका वजा करा; हे दिवस मोजायचे राहतात आणि मग जानेवारीत धावपळ होते. उरतात 29. सांख्यिकीला 11, त्रिकोणमितीला 10 आणि महत्त्वमापनाला 10 अशा 31 तासिका लागतील, म्हणजे तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहावी पूर्ण करता. दहावी कोणाकडेही अर्धवट सोपवू नका. दोन तासिकांसाठी रविवारी वर्ग बोलावण्याची गरज नाही, एखादा ऑफ तास मागून घ्या. क्रम मात्र बदला: त्रिकोणमिती आधी घ्या, महत्त्वमापन नंतर आणि सांख्यिकी शेवटी. त्रिकोणमितीत उंची व अंतराची उदाहरणे मुलांच्या अंगवळणी पडायला काही आठवडे जावे लागतात. सांख्यिकीत मध्य, मध्यक आणि बहुलक यांची रीत एकदा हाताला बसली की पूर्वपरीक्षेच्या तोंडावर ती ताजी असणेच फायद्याचे असते.

नववीला आजपासून जानेवारीअखेरपर्यंत सुमारे 70 तासिका मिळतात. वरीलप्रमाणेच वजाबाकी केली, आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या काळात तुम्ही पर्यवेक्षणाला जाल ते दिवस धरले, तर 18 तासिका जातात आणि 52 उरतात. उरलेल्या सात प्रकरणांना माझ्या अंदाजाने अशा तासिका लागतात: दोन चलांतील रेषीय समीकरणे 10, अर्थनियोजन 8, सांख्यिकी 10, वर्तुळ 7, निर्देशक भूमिती 7, त्रिकोणमिती 10, पृष्ठफळ व घनफळ 9. ही बेरीज 61 होते, आणि घटक चाचणी घेऊन उत्तरपत्रिका वर्गात समजावण्याच्या 4 धरल्या तर 65. म्हणजे 13 तासिका कमी आहेत. येथे बहुतेक शिक्षक सगळी प्रकरणे थोडी थोडी पळवत नेतात आणि जाताना सात अर्धवट प्रकरणे मागे ठेवतात. नवीन शिक्षकाला मुलांना काय येते आणि काय येत नाही याचा पत्ता लागत नाही, आणि मुले "हे झालंय सर" म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी दोन प्रकरणांना हातच लावू नका आणि पाच पूर्ण करा.

कोणती दोन सोडायची याचा निकष असा की, जे दहावीच्या पायाखाली येते ते तुम्ही शिकवावे, आणि जे स्वतंत्र उभे राहते ते मागे ठेवावे. दोन चलांतील रेषीय समीकरणे हे दहावीच्या भाग 1 चे पहिलेच प्रकरण आहे. निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, वर्तुळ आणि सांख्यिकी ही चारही दहावीत पुन्हा येतात आणि नववीतील बैठक कच्ची असेल तर तेथे मुले अडतात. अर्थनियोजन हे नाव दोन्ही इयत्तांत असले तरी आशय वेगळा आहे: नववीत बचत, गुंतवणूक आणि आयकर आहे, दहावीत वस्तू व सेवा कर आणि शेअर्स. म्हणून नववीचे अर्थनियोजन मागे राहिले तर दहावीचे काही अडत नाही. (पुस्तकातील आयकराचे दर जुने आहेत. नवीन शिक्षकांना सांगून ठेवा की उदाहरणे पुस्तकातील तक्त्यावरूनच सोडवायची आणि चालू दर निव्वळ माहितीसाठी सांगायचे, नाहीतर मुले परीक्षेत घरून ऐकलेले दर वापरतात.) पृष्ठफळ व घनफळ हे सूत्रांवर चालणारे प्रकरण आहे, पूर्वतयारी फारशी लागत नाही, आणि नवा शिक्षक त्यावर वर्गाची ओळख करून घेऊ शकतो. ही दोन सोडली की तुमचे काम 44 अधिक 4 म्हणजे 48 तासिकांचे राहते आणि 4 तासिका शिल्लक पडतात.

या चार तासिका सरावाला खर्च करू नका. त्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नवीन शिक्षकांबरोबर वर्गात बसण्यासाठी ठेवा: दोन तासिका ते मागे बसून पाहतील, दोन तासिका ते शिकवतील आणि तुम्ही मागे बसाल. नवीन शिक्षक तोवर नेमले गेले नसतील, आणि बरेचदा ते नेमले गेलेले नसतात, तर शाळेतील ज्या शिक्षकाकडे तात्पुरते तास जाणार आहेत त्यांच्यासोबत हेच करावे. ते विज्ञानाचे किंवा भूगोलाचे असले तरी चालेल. निदान मागच्या बाकावरची कोणती चार मुले गप्प बसून काहीच लिहीत नाहीत, हे त्यांना प्रत्यक्ष दिसते.

सोपवणीचा कागद लांबलचक नसावा. दर तुकडीसाठी एक पान पुरे. त्यावर प्रकरणाचे नाव, पूर्ण झालेला शेवटचा सरावसंच, तो ज्या तारखेला झाला ती तारीख, आणि एका वाक्यात वर्गाची अडचण इतके असावे. अडचणीचे वाक्य "मुले कच्ची आहेत" असे लिहिले तर त्याचा काही उपयोग नाही. "चिन्हासह पदे बाजू बदलताना निम्मा वर्ग चुकतो, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तीच क्रिया करायला लावली की बरोबर येते" असे लिहिले तर नवीन माणसाचे आठवड्याचे काम वाचते. शेवटी न शिकवलेली दोन प्रकरणे ठळक अक्षरांत लिहा आणि त्याखाली मुख्याध्यापकांची सही घ्या. पुढे मार्चमध्ये कोणी पालक "बाईंनी हे शिकवलंच नाही" म्हणून आले, तर ते आधीच ठरवून व कळवून झाले होते हे त्या सहीने सिद्ध होते.

विद्यार्थी नोंदींचा भाग मी अधिक काळजीने लिहितो, कारण अभ्यासक्रमातील चूक भरून काढता येते, गुणांतील चूक मात्र मुलाच्या नावावर राहते.

दहावीला गणिताचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. हे 20 गुण वर्षभराच्या कामातून येतात, ते मंडळाकडे शाळेमार्फत जातात, आणि ते देणारी व्यक्ती तुम्ही आहात. म्हणून ते 31 जानेवारीपूर्वी पूर्ण करून जा. "मी मार्कांची यादी नंतर पाठवते" हे वाक्य मी एकदा मान्य केले होते. गुण शिक्षकांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होते, त्यांचा क्रमांक बदलला, आणि मंडळाला गुण देण्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांच्या गृहपाठाच्या वह्या पुन्हा गोळा करून बसलो होतो. गुणयादीबरोबर गृहपाठाच्या वह्या आणि बहुपर्यायी चाचणीच्या उत्तरपत्रिका गठ्ठा बांधून, हजेरी क्रमांकाने लावून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. यादीच्या प्रत्येक पानावर सही, तारीख आणि एकूण विद्यार्थिसंख्या लिहा. संख्या लिहिली की मध्येच एखादी ओळ घुसवणे किंवा गळणे लगेच उघड होते. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचेही तसेच. त्या तुम्ही तपासणार असाल तर 31 जानेवारीच्या आत तपासून होतील अशी तारीख परीक्षा विभागाकडून आधीच मागून घ्या, आणि होणार नसेल तर तसे आजच सांगा.

मंडळाकडे नियामक किंवा परीक्षक म्हणून तुमचे नाव गेले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर राजीनाम्याबरोबरच मुख्याध्यापकांना त्याची लेखी आठवण द्या, म्हणजे बदली नाव वेळेत कळवता येईल.

नववी 'ब'च्या वर्गशिक्षिका म्हणून तुमच्याकडे वर्गाचा कॅटलॉग, गुणपत्रक, प्रगतिपुस्तके आणि मुलांच्या वैयक्तिक माहितीचे तक्ते असतील. कॅटलॉगमध्ये 31 जानेवारीपर्यंतची रोजची हजेरी, प्रत्येक महिन्याची बेरीज आणि सरासरी पूर्ण करून पुढचे पान कोरे ठेवा. नववीच्या वार्षिक निकालात दोन्ही सत्रांचे गुण विचारात घेतले जातात, त्यामुळे पहिल्या सत्रातील तुमच्या नोंदींवर एप्रिलमध्ये दुसरेच कोणी निकाल लावणार आहे. म्हणून प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर "पैकी गुण" लिहिले आहेत का ते पाहा. 20 पैकी 14 आणि 25 पैकी 14 यांतील फरक तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. गैरहजर विद्यार्थ्यापुढे "गै.ह." लिहा, शून्य नको, आणि रिकामी जागा तर नकोच, कारण रिकाम्या जागेत नंतर काहीही लिहिता येते. खाडाखोड झाली असेल तेथे पांढरा रंग लावू नका. जुना आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारून नवा आकडा लिहा आणि बाजूला सही करा. गुणपत्रकातील आकडे आणि उत्तरपत्रिकांवरील आकडे जुळतात का याची पडताळणी दुसऱ्या शिक्षकाकडून करून घ्या, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. साठ मुलांच्या वर्गात मी असे केले तेव्हा दोन-तीन चुका हमखास निघत, बहुतेक वेळा एका ओळीचे गुण दुसऱ्या ओळीत गेलेले असत.

जनरल रजिस्टर तुमच्या ताब्यात नसते आणि ते नसावे. नाव, जन्मतारीख, जात यांतील एखादी दुरुस्ती पालकांनी तुमच्याकडे तोंडी मागितलेली असेल, तर ती कॅटलॉगमध्ये स्वतः करून जाऊ नका. पालकांचा अर्ज आणि पुराव्याची झेरॉक्स कार्यालयात जमा करून पोच घ्या. जनरल रजिस्टर, सरल, यूडायस प्लस आणि आधार या चार ठिकाणी नावाचे स्पेलिंग जुळत नसलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांची यादी तुमच्याकडे असेलच, ती कोणाचे काय जुळत नाही अशा स्वरूपात लिहून द्या, कारण दहावीचे परीक्षा अर्ज भरताना हीच मुले अडतात.

अलीकडची एक अडचण जुन्या सोपवणी यादीत नसते. कित्येक शाळांत पोर्टलच्या लॉगिनला वर्गशिक्षकांचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक जोडलेला असतो आणि ओटीपी तुमच्या फोनवर येतो. तुम्ही बंगळुरूला गेल्यावर रात्री आठ वाजता क्लार्कचा फोन येईल, "मॅडम, एक ओटीपी आलाय का बघा". जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच क्रमांक बदलून घ्या, आणि नव्या क्रमांकावरून एकदा लॉगिन होऊन काम झालेले समोर बसून पाहा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद नवीन वर्गशिक्षकांना व मुख्याध्यापकांना द्या, निरोपाचा एक संदेश लिहा आणि बाहेर पडा. मुलांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि जातीचे दाखले यांचे जे फोटो वर्षभरात तुमच्या फोनमध्ये साठले आहेत, ते कार्यालयाकडे आहेत याची खात्री करून तुमच्या फोनमधून आणि क्लाउडमधूनही काढून टाका.

काही गोष्टी लिहून देऊ नयेत. दिव्यांग सवलतीस पात्र मुलगा, लेखनिकाची गरज, अपस्माराचा त्रास असलेली मुलगी व तिच्या पालकांचा क्रमांक, हे सर्व कागदावर हवे. पण कोणाच्या घरी भांडणे आहेत, कोणाचे वडील पिऊन येतात, हे सोपवणी कागदात लिहिले की तो कागद शिक्षककक्षात फिरतो. असे काही सांगणे आवश्यक असेल तर ते नवीन वर्गशिक्षकांना एकट्यांना, तोंडी सांगा.

शेवटच्या दिवशी कार्यमुक्ती आदेश, सेवापुस्तकाची अद्ययावत प्रत, अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या पगाराचा दाखला आणि येणे-देणे नसल्याचा दाखला मागा. मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे संस्थेकडे असतील तर त्यांची लेखी मागणी राजीनाम्यासोबतच करा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. सलग पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे तुम्हाला उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मिळते. खाजगी शाळांतील शिक्षकांना हा हक्क 2009 च्या दुरुस्तीने मिळाला आणि तो 3 एप्रिल 1997 पासून लागू करण्यात आला. शेवटच्या वेतनाचे 26 भाग करून त्यांतील 15 भाग, गुणिले सेवेची वर्षे, अशी त्याची रीत आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 35,000 रुपये धरले तर 7 वर्षांचे सुमारे 1,41,000 रुपये होतात. त्यासाठीचा अर्ज वेगळा करा, राजीनाम्यात त्याचा विषय आणू नका.

31 जानेवारीनंतर कोणत्याही कागदावर मागील तारखेची सही करू नका, कितीही ओळखीच्या माणसाने मागितली तरी. एखादी सही खरोखर राहून गेली असेल तर त्या दिवसाची तारीख घालून, "माजी सहशिक्षिका" असे लिहून करा. आणि कोऱ्या प्रगतिपुस्तकांवर आगाऊ सह्या करून जाण्याची विनंती आली तर ती मुख्याध्यापकांकडे पाठवा, कारण त्या प्रगतिपुस्तकांवर एप्रिलमध्ये सही करायची आहे ती नव्या वर्गशिक्षकांनी.